चॅट उडालं, पण नेमकं कुठून उडालं?

गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५. रात्री अकराच्या सुमारास खालच्या मजल्यावरच्या सुनीताकाकूंचा फोन. "अरे, जागा आहेस ना? माझा फराळाचा ग्रुप गेला रे सगळा." दिवाळी दहा-बारा दिवसांवर आलेली. काकू दरवर्षी फराळाच्या ऑर्डरी घेतात आणि त्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपवर येतात. कुणाला किती किलो चिवडा, कुणाला बिनसाखरेचे लाडू, कुणाची आगाऊ रक्कम आली, सगळं त्या ग्रुपवरच. वही नाही. "वहीत कशाला लिहू, ग्रुपवर आहेच की," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

खाली जाऊन पाहिलं तर ग्रुप जागेवर होता. ४६ माणसं होती, नाव होतं, फोटो होता. आत मात्र एकही मेसेज नाही. फोन भरला म्हणून काकू जुने फोटो काढायला बसल्या आणि मेनूतलं `Clear chat` दाबून मोकळ्या झाल्या.

अशा वेळी लोक विचारतात, "चॅट परत येईल का?" मला आधी दुसरंच विचारावंसं वाटतं: ते उडालं कुठून? व्हॉट्सअ‍ॅपवरचा ग्रुप म्हणजे कुठल्या तरी कंपनीच्या कपाटात ठेवलेली एक वही नव्हे. ग्रुपमध्ये ४६ जण असतील तर ४६ वह्या आहेत, प्रत्येकाच्या फोनमध्ये एकेक. मेसेज पोचला की सर्व्हरकडे तो राहत नाही; पोचलाच नाही तर जास्तीत जास्त ३० दिवस थांबतो आणि मग तिथूनही जातो. त्यामुळे "कंपनीला मेल टाकून बघू का" याला अर्थ नाही, त्यांच्याकडे द्यायला काही नसतं. काकूंची एक वही कोरी झाली होती. उरलेल्या ४५ जशाच्या तशा होत्या.

ही गोष्ट त्यांना सांगितल्यावर त्या पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या.

काही सेकंदांची खिडकी

सर्वात स्वस्त उपाय म्हणजे `Undo`, पण तो कशाला लागू पडतो आणि कशाला नाही यात लोकांचा फार घोळ होतो. २०२२ च्या डिसेंबरात व्हॉट्सअ‍ॅपने ही सोय आणली ती एका विशिष्ट चुकीसाठी. आपण भलत्याच ग्रुपवर काहीतरी टाकतो, घाईघाईने मेसेज दाबून धरतो, आणि `Delete for everyone` ऐवजी `Delete for me` दाबतो. झालं. आता तो मेसेज जगाला दिसतो, फक्त आपल्याला दिसत नाही, म्हणजे तो सगळ्यांसाठी काढायची वाटही बंद. अशा वेळी स्क्रीनच्या तळाशी एक पट्टी येते, तिच्यावर `Undo` लिहिलेलं असतं. साधारण ५ सेकंद ती टिकते. तेवढ्यात दाबलं की मेसेज परत येतो आणि मग तो नीट, सगळ्यांसाठी काढता येतो.

ही पट्टी एकेका मेसेजसाठी आहे. आख्खं चॅट क्लिअर किंवा डिलीट करताना व्हॉट्सअ‍ॅप आधी विचारतं, "नक्की ना?" आपण हो म्हटलं की संपलं, नंतर पट्टी-बिट्टी काही येत नाही. टेलिग्रामवर उलट आहे: तिथे मोबाइलवर आख्खं चॅट काढलं की खाली उलटी मोजणी सुरू होते आणि ती संपेपर्यंत `Undo` दाबता येतं. दोन्ही अ‍ॅप वापरणारी माणसं एकीकडची सवय दुसरीकडे गृहीत धरतात आणि फसतात.

आणखी एक शक्यता आधी तपासून घ्यावी, कारण "चॅट गेलं" म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांत हिचं प्रमाण बरंच आहे. चॅट गेलेलं नसतंच, ते `Archived` मध्ये जाऊन बसलेलं असतं. चॅटच्या यादीच्या अगदी वरच्या टोकाला जाऊन पाहिलं की ती ओळ दिसते. वरच्या शोधाच्या चौकोनात त्या माणसाचं नाव किंवा चॅटमधला एखादा हमखास शब्द टाकला तरी कळतं. काकूंच्या ग्रुपात "चकली" शोधलं, एकही मेसेज आला नाही. ऑक्टोबर महिन्यात काकूंच्या फोनमध्ये "चकली" सापडत नाही म्हणजे प्रकरण खरंच गंभीर होतं.

रात्री दोनच्या आधी

पुढचं काम घाईचं होतं. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅप रोज रात्री दोनच्या सुमारास फोनमध्येच स्वतःचा एक बॅकअप घेतं. त्या वेळी चॅट जसं असेल तसं त्यात उतरतं, म्हणजे आजच्या रात्रीच्या बॅकअपमध्ये काकूंचा ग्रुप कोराच उतरणार. गेल्या काही दिवसांच्या जुन्या फायली फोनमध्ये राहतात, साधारण आठवडाभराच्या. त्यानंतर त्या एकेक करून पुसल्या जातात. गूगलच्या खात्यावर जाणारा बॅकअप मात्र एकच असतो. नवा गेला की जुना गेला. म्हणून चॅट उडाल्याचं लक्षात आलं की आधी `Chat backup` मध्ये जाऊन तो आपोआप घ्यायचा प्रकार बंद करावा आणि फोनमधल्या फायलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी.

फायली इथे असतात:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases
```

आत `msgstore` ने सुरू होणारी नावं दिसतात, बऱ्याच नावांत तारीखही असते. काकूंचा फोन केबलने माझ्या लॅपटॉपला जोडून हा आख्खा फोल्डर मी उतरवून घेतला. पाचेक मिनिटांचं काम. या फायली कुलूपबंद असतात, त्या उघडून आतले मेसेज वाचता येत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप नव्याने टाकून, त्याच नंबरने सुरू करून, "परत आणू का" असं ते विचारेल तेव्हाच त्यांचा उपयोग. जुन्या तारखेची फाइल वापरायची असेल तर तिच्या नावातली तारीख आणि त्यामागचा `.1` काढून ती `msgstore.db.crypt14` अशी करायची. शेवटचा आकडा मूळ नावात जो असेल तोच ठेवायचा, तो बदलला तर काम होत नाही.

मग लगेच तेच का केलं नाही? कारण बॅकअप हा एका ग्रुपचा नसतो, आख्ख्या व्हॉट्सअ‍ॅपचा असतो. बुधवार-गुरुवारच्या मधल्या रात्रीची फाइल आणली की फराळाचा ग्रुप येईल, पण गुरुवारी दिवसभरात इतर सगळ्या चॅटमध्ये जे झालं ते जाईल. त्यात तुपाच्या दुकानदाराशी झालेलं बोलणं होतं, सुनेने पाठवलेले नातवाचे फोटो होते. शिवाय नव्याने टाकताना काही बिघडलं तर असलेलंही जातं. काकूंचा गूगलवरचा बॅकअप पाहिला तर शेवटची तारीख ऑगस्टमधली. फुकट मिळणारी १५ जीबी जागा फोटोंनीच भरली होती आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही हल्ली त्याच जागेत मोजला जातो. जागा संपल्यावर तो गुपचूप थांबला होता. म्हणजे एका ग्रुपसाठी आख्खं अ‍ॅप काढून परत टाकायचं आणि पाठीशी भरवशाचं काही नाही. मी म्हटलं, या फायली राहू देत पेटीत, शेवटचा उपाय म्हणून. आधी दुसऱ्यांच्या वह्या मागू.

शुभदाताईंची वही

काकूंच्या जाऊबाई, शुभदाताई, ऑर्डरी लिहून घ्यायला मदत करतात. त्या ग्रुपवर होत्याच. रात्री साडेअकराला त्यांना फोन लावला आणि काय दाबायचं ते सांगितलं: ग्रुप उघडा, वर उजवीकडे तीन ठिपके, `More`, त्यात `Export chat`. मग ते विचारतं, फोटो वगैरेसकट की नुसता मजकूर? नुसता मजकूर घ्या. मग कुठे पाठवायचं ते विचारेल, काकूंना पाठवा. दोन मिनिटांत काकूंच्या फोनवर एक `.txt` फाइल येऊन पडली.

पहिल्यांदाच बघणाऱ्याला ही फाइल उघडली की जरा निराशा वाटते. हिरवे फुगे नाहीत, फोटो नाहीत, एकाखाली एक ओळी. पण कामाचं सगळं त्यात असतं:

```
01/10/25, 9:41 pm - मीना जोशीण: चिवडा 2 किलो, चकली 1 किलो
शेव नको
01/10/25, 9:44 pm - सुनीता वहिनी: चालेल
02/10/25, 10:05 am - बी विंग 304: <Media omitted>
02/10/25, 10:06 am - बी विंग 304: This message was deleted
```

प्रत्येक मेसेजच्या सुरुवातीला तारीख, वेळ आणि नाव. मेसेज दोन ओळींचा असेल तर दुसऱ्या ओळीला तारीख नसते, ती वरच्याच मेसेजची. "शेव नको" ही ओळ एकटी दिसते म्हणून कुणाची आहे हे कळत नाही असं वाटतं, पण ती मीनाताईंचीच. पुढे ओळी मोजून ऑर्डरी मोजायला गेलो तेव्हा याच कारणाने पहिल्यांदा आकडा चुकला. मोजायचं तर तारखेने सुरू होणाऱ्या ओळीच मोजायच्या.

नावांचीही गंमत. फाइलमध्ये नावं येतात ती जिच्या फोनमधून काढली तिच्या फोनबुकातली. शुभदाताईंनी कुणाला "मीना जोशीण" म्हणून ठेवलंय आणि कुणाला "बी विंग ३०४". ज्यांचे नंबर त्यांच्याकडे साठवलेलेच नव्हते तिथे नुसता नंबर. काकूंना ते आपल्या फोनशी ताडून बघावे लागले. वाईट काही नाही, पण फाइल आली म्हणजे काम झालं असं नसतं.

याच कारणाने मी मेसेज "फॉरवर्ड करा" असं कुणाला सांगत नाही. दहा-वीस मेसेज निवडून पुढे पाठवले की मजकूर येतो, पण मूळ तो कुणी लिहिला आणि केव्हा लिहिला हे दोन्ही गळून पडतं. सगळे मेसेज पाठवणाऱ्याच्याच नावाने, आजच्याच वेळेला आलेले दिसतात. "चिवडा २ किलो" एवढंच हाती लागलं तर तो कुणाच्या घरी पाठवायचा? स्क्रीनशॉट त्यापेक्षा बरा, पण चारशे मेसेजचे स्क्रीनशॉट कोण काढणार.

`<Media omitted>` म्हणजे तिथे फोटो किंवा आवाजातला मेसेज होता. बऱ्याच बायका टाइप करत नाहीत, बोलून पाठवतात. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी शुभदाताईंकडून तीच फाइल पुन्हा मागवली, या वेळी सगळ्यासकट. तेव्हा एक झिप आली, आणि जिथे आधी रिकामी जागा होती तिथे आता असं दिसत होतं:

```
02/10/25, 10:05 am - बी विंग 304: PTT-20251002-WA0004.opus (file attached)
```

त्याच नावाची आवाजाची फाइल झिपमध्ये सापडते, ती उघडून ऐकायची. यालाही मर्यादा आहे: शुभदाताईंच्या फोनवर जे उतरलेलं होतं तेच येतं. ज्याने मोबाइल डेटा वाचवायला आपोआप उतरवणं बंद ठेवलंय, त्याच्याकडून मागितलेल्या झिपमध्ये फोटो मिळत नाहीत. शिवाय सगळ्यासकट काढताना शेवटचे १०,००० मेसेज येतात आणि नुसता मजकूर काढताना ४०,०००. फराळाच्या ग्रुपला ही मर्यादा लागत नाही. वर्षानुवर्षं रोज सकाळी फुलांचे फोटो टाकणाऱ्या कुटुंबाच्या ग्रुपला मात्र लागू शकते, आणि तेव्हा सर्वात जुनं तेच गळतं. म्हणून तिथे दोन्ही तऱ्हेने काढून ठेवावं.

कधी कधी `Export chat` दाबलं तरी काम होत नाही. २०२५ च्या एप्रिलपासून व्हॉट्सअ‍ॅपवर `Advanced chat privacy` नावाची सोय आली आहे. ती त्या चॅटवर चालू असेल तर चॅट बाहेर काढणं सगळ्यांनाच बंद होतं. चॅटच्या माहितीच्या पानावर ती दिसते. तिथे बंद करून मग काढायचं, आणि ज्यांनी ती मुद्दाम चालू केली असेल त्यांना आधी विचारायचं.

दुबईची वही

शुभदाताईंच्या फाइलची पहिली ओळ २८ सप्टेंबरची निघाली. ग्रुप २० सप्टेंबरला सुरू झालेला. काकू म्हणाल्या, "अगं बाई, तिला मी नंतर घेतलं ग्रुपात." नंतर आलेल्याच्या फोनमध्ये सहसा तो आल्यानंतरचेच मेसेज असतात. मधल्या काळात फोन बदलून बॅकअप न आणलेल्याचंही तसंच. त्यामुळे वही मागायची तर पहिल्या दिवसापासून ग्रुपात असलेल्या आणि फोन न बदललेल्या माणसाकडे. ग्रुपच्या यादीकडे बघत काकू एकेकाचं नाव घेत गेल्या आणि शेवटी भाचीपाशी थांबल्या. अस्मिता दुबईला असते, डोंबिवलीतल्या आईसाठी ऑर्डर देते, आणि पहिल्याच दिवशी ग्रुपात आली होती.

तिचा फोन आयफोन. तिथे वाट वेगळी: ग्रुपच्या नावावर टिचकी मारायची, पान खाली सरकवत न्यायचं, जवळपास तळाला `Export Chat`. झिप येते आणि आत `_chat.txt`. ओळी थोड्या निराळ्या दिसतात, तारीख-वेळ चौकटी कंसात, आणि सेकंदही असतात:

```
[27/09/25, 11:10:05 PM] Rupali: अनारसे अर्धा किलो मिळतील का?
```

दोन फायली जोडायला बसलो तेव्हा एक ऑर्डर दोनदा मोजली जात होती. शुभदाताईंच्या फाइलमध्ये रुपालीताईंचं अनारशाचं विचारणं २८ तारखेला रात्री १२:४० ला होतं, अस्मिताच्या फाइलमध्ये २७ तारखेला रात्री ११:१० ला. मेसेज एकच. दांडियाहून येऊन रात्री पावणेएकला पाठवलेला. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, आणि फाइलमध्ये वेळ पडते ती फोन जिथे आहे तिथली. परदेशातल्या कुणाकडून फाइल घेतली तर सर्व वेळांत हा फरक मिळवावा लागतो, नाहीतर मध्यरात्रीच्या आसपासचे मेसेज भलत्या तारखेला जाऊन बसतात. हा फरक शोधायचा सोपा उपाय म्हणजे दोन्ही फायलींत असलेला एकच मेसेज घ्यायचा आणि वेळा शेजारी ठेवून बघायच्या.

खरी अडचण आली ती पोलची. काकूंनी सुरुवातीलाच एक पोल टाकला होता, कोणता डबा हवा म्हणून. फाइलमध्ये तो असा उतरला होता:

```
POLL:
कोणता डबा हवा?
OPTION: लहान (14 votes)
OPTION: मोठा (9 votes)
```

चौदा लहान, नऊ मोठे, पण कुणाकुणाचे? बाहेर काढलेल्या फाइलमध्ये पोलचे आकडे येतात, मतं देणाऱ्यांची नावं येत नाहीत. शुभदाताईंकडे तो पोलच नव्हता, कारण तो त्यांच्या येण्याआधीचा. अस्मिताच्या फोनमध्ये मात्र तो जिवंत होता. तिने पोल उघडून `View votes` दाबलं, नावं दिसली, तिने त्याचे दोन स्क्रीनशॉट काढून पाठवले. इथे फाइलपेक्षा चित्र कामाला आलं. कुणाच्या वहीतून काय मागायचं हे असं ठरवावं लागतं: बोलणं फाइलने, पोल चित्राने, आवाज झिपमधून.

एवढं सगळं करून काकूंच्या ग्रुपात मात्र जुने मेसेज परत दिसत नाहीत. बाहेर काढलेली फाइल व्हॉट्सअ‍ॅपमध्ये परत आत घालायची सोयच नाही. ज्यांना फुग्याफुग्यांत वाचायचंच आहे त्यांच्यासाठी एक आडवाट आहे: टेलिग्राम २०२१ पासून व्हॉट्सअ‍ॅपची अशी फाइल आत घेतं, `Export chat` करताना पाठवायचं ठिकाण म्हणून टेलिग्राम निवडायचं. काकूंना त्यात रस नव्हता. त्यांना यादी हवी होती, आणि ती फाइलवरून करता येत होती.

एक सावधगिरी सांगायला हवी. ही `.txt` फाइल साधी असते, कुणीही उघडून त्यातला आकडा बदलू शकतो. पैशांचा वाद असेल तर एकाच माणसाच्या फाइलवर विसंबू नये. दोघांकडून, एकमेकांना न सांगता, फाइल घ्यावी आणि त्या ओळी जुळवाव्यात. आणि "डिलीट झालेले चॅट परत आणून देतो" असं सांगत पैसे मागणाऱ्या अ‍ॅपना सरळ लांब ठेवावं. दुसऱ्यांच्या फोनमधली वही त्यांच्याकडे नसते, सर्व्हरवर काही नसतं, आणि फोनमधले बॅकअप कुलूपबंद असतात. मग ते परत कुठून आणणार? फोनमधल्या बाकी गोष्टींची परवानगी मात्र ते आधी मागून घेतात.

जे कुणाच्याच वहीत नसतं

४६ वह्या असूनही काही गोष्टी कुणाकडेच सापडत नाहीत. `Delete for everyone` केलेला मेसेज सगळ्यांच्याच फोनमधून जातो, त्याच्या जागी `This message was deleted` एवढीच ओळ राहते. पाठवल्यापासून दोन दिवस आणि सुमारे १२ तासांपर्यंत ते करता येतं. शिवाय ग्रुपचा अ‍ॅडमिन दुसऱ्याचाही मेसेज असा काढू शकतो. आपोआप नाहीसे होणारे मेसेज (चोवीस तास, सात दिवस किंवा नव्वद दिवसांचे) चालू असतील तर तेही मुदत संपली की सर्वांकडून जातात. तिथे कुणाकडे फाइल मागूनही उपयोग नाही, आधी काढून ठेवलेली असेल तरच.

अशा काढलेल्या मेसेजसाठी अँड्रॉइडवर एक छोटीशी आशा असते. फोनच्या सेटिंगमध्ये `Notification history` चालू असेल तर गेल्या चोवीस तासांत स्क्रीनवर आलेल्या सूचना तिथे दिसतात, मग मूळ मेसेज काढलेला का असेना. पण ती सोय आधीपासून चालू हवी, नंतर चालू करून मागचं दिसत नाही. काकूंच्या फोनवर ती बंद होती, शुभदाताईंच्याही.

शुक्रवारी दुपारी काकूंच्या डायनिंग टेबलावर आम्ही यादी पूर्ण केली. या वेळी काकूंनी वही आणली होती. ४३ घरांची ऑर्डर फायलींवरून लागली, दोन पोलच्या चित्रावरून. उरली बी विंग ३०४. त्यांचा आवाजातला मेसेज झिपमधून निघाला, त्यात शंकरपाळे दीड किलो सांगितलेले. पण लगेच खाली `This message was deleted`. तो दुसरा मेसेज काय होता? आधीची ऑर्डर रद्द, की आणखी काही? काकूंनी सरळ फोन लावला.

"नाही हो," पलीकडून आवाज आला, "तो मी चुकून आमच्या भिशीच्या ग्रुपचा हिशोब तुमच्या ग्रुपवर टाकला होता, म्हणून काढला. शंकरपाळे दीड किलोच. आणि बरं झालं फोन केलात, त्यात पाव किलो वाढवा."